पार्लरचं रेटकार्ड: या चुका टाळा

आखाजी तोंडावर आली की जळगाव, अमळनेर, चाळीसगावकडून फोन सुरू होतात: 'ताई, रेटकार्ड लगेच छापून द्या.' सोबत मागच्याच कार्डाचा फोटो, त्यावर आकडे पेनाने खोडलेले. नुसते आकडे बदलून काय होणार? खोट मांडणीतच असते.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे डावीकडे नावं, मध्ये टिंबांची रांग, उजवीकडे दर एकाखाली एक, आणि सगळं स्वस्ताकडून महागाकडे. असं कार्ड हातात आलं की गिऱ्हाईक नावं सोडून दरच वाचतं. अमळनेरच्या एका पार्लरमध्ये मी हे बसून पाहिलंय. माहेरी आलेली एक मुलगी उजव्या कडेवरून बोट खाली नेत फेशियलपाशी थांबली आणि म्हणाली, 'सस्तं कोनतं शे, ताई?' चारशेचं क्लीनअप करून गेली. मान नि हात उन्हाने काळवंडलेले, म्हणजे तिला हवं होतं डी-टॅन. पण कार्डावर नुसतं 'डी-टॅन फेशियल ९००'. त्यात मान धरली की नाही, वेळ किती लागेल, काही पत्ता नाही.

ते कार्ड मी मोडलं. फेशियलच्या लांबलचक यादीतून मालकीणबाईंशी वाद घालून तीनच ठेवली. वर १८०० चं, मग ९०० चं, शेवटी ४०० चं. आधी महाग वाचलं की मधलं आवाक्यातलं वाटतं. मधल्याला चौकट दिली: 'उन्हाने काळवंडलेला चेहरा, मान आणि हात. एक तास. ९०० रुपये.' दर वाक्याच्या शेवटी, त्याच अक्षरात, ठळक न करता. मात्र १८०० वाल्यात खरंच जास्त काही द्या. नाव 'गोल्ड' आणि क्रीम तीच, असं केलंत तर बाई पुन्हा पायरी चढत नाही. थ्रेडिंग खाली न्या, पण दडवू नका. निम्म्या बायका त्यासाठीच येतात.

दुसरी खोड 'पासून'ची. 'स्मूदनिंग २५०० पासून' वाचून बाई बसते आणि क्रीम लावून झाल्यावर ४५०० ऐकते. मग भांडण ठरलेलं. खांद्यापर्यंत, पाठीपर्यंत, कमरेपर्यंत असे तीन दर सरळ छापा. केस फार दाट असतील तर बसवण्याआधीच आकडा सांगा.

चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट चमकते. मॅट घ्या. जुन्या दरावर स्टिकर तर अजिबात नको, बायका नखाने खरवडून बघतात.

आणि छापील कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचा आळस सोडा. मोबाइलवर ते अक्षर ताणून ताणून वाचावं लागतं. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये एकेक सेवा वेगळी भरा; नाव, दोन ओळींचं वर्णन आणि दर यांना तिथे स्वतंत्र जागा असते. जी जास्त खपवायची ती आधी दिसेल असं बघा. कार्डावर क्यूआर छापायचा तो या कॅटलॉगच्या लिंकचा. दर वाढले की कॅटलॉगमध्ये बदलायचे, क्यूआर तोच चालतो.