घरपोच पार्लर: जाण्यायेण्याचे पैसे कसे लावायचे

किट कसं भरायचं, हे पार्लरचं काम येणाऱ्या बाईला मी सांगायला नको. फक्त वॅक्स हीटरसोबत एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. लोकांच्या बेडरूममधला प्लग नेमका कपाटामागे असतो.

गाडी अडते ती जाण्यायेण्याच्या पैशांवर. "पेट्रोल काढा, वर थोडे मिळवा," असं सगळे सांगतात. मीही वर्षभर तेच केलं. पुण्यात कोथरूडहून खराडीला आयब्रो आणि अप्परलिप्स, काम 100 रुपयांचं. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, पेट्रोल साधारण 70 रुपयांचं, म्हणून 80 लावले. पण संध्याकाळच्या गर्दीत रस्त्यावरच दोन तास गेले. तेवढ्यात जवळच कर्वेनगरात एक फुल वॅक्स झालं असतं.

म्हणून अंतर नाही, वेळ मोजा. आठवड्याच्या कमाईतून सामान आणि पेट्रोल वजा करा आणि प्रवासासकट लागलेल्या तासांनी भागा. माझे तासाला 200 निघाले. जाऊन-येऊन पहिला अर्धा तास मी सोडते, पुढच्या दर पाव तासाला 50 घेते, पेट्रोल वेगळं. खराडीचे झाले 300 अधिक 70. आयब्रोसाठी एवढे कोणी देणार नाही, आणि देऊही नये! लांबच्या कामाला मी किमान 1200 चं बुकिंग मागते, नाहीतर त्याच सोसायटीतल्या तिघी-चौघींनी मिळून प्रवासखर्च वाटून घ्यावा.

हा आकडा फेशियलच्या दरात लपवू नका. सोसायटीच्या ग्रुपवर दर ताडून पाहिले जातात, मग तुम्ही लुटारू ठरता. फोनवरच वेगळा सांगा आणि आधी जीपे करून घ्या. कामाला पाठवलेली मुलगी निघाल्यावर रद्द झालं तर पैसे परत नाहीत, हेही तेव्हाच सांगा.

रूट सोपा आहे. वार ठरवा: मंगळवारी औंध-बाणेर, गुरुवारी हडपसर-खराडी. सकाळी सगळ्यात लांबचं घर आणि मग घराकडे सरकत या. गेटवरची एंट्री, पार्किंग, लिफ्ट यांना दर घरी 15 मिनिटं धरा.

मुलींच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. क्लायंट फक्त लेडीज. नव्या नंबरवर मी स्वतः बोलते आणि घरात कोण असेल ते विचारते. संध्याकाळी सातनंतर एकटीला पाठवत नाही. लाइव्ह लोकेशन चालू हवंच, पण त्यावर विसंबू नका, कारण बेसमेंटमध्ये रेंज जाते. पोचल्यावर तिने क्लायंटसमोरच फोन करायचा: "ताई, पोचले." आत काही खटकलं तर, "ताई, निळा डबा राहिला का?" मग मी लगेच फोन करून तिला तातडीने बोलावून घेते. पाच मिनिटांत ती बाहेर आली नाही, तर 112. अर्धवट सोडलेल्या कामाचे तिचे पैसे कापायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी ती निळा डबा विचारणारच नाही.

एकदा एक मुलगी हीटर थंड व्हायची वाट बघत नको त्या घरात पाव तास थांबली होती. तेव्हापासून सांगून ठेवलंय, हीटर तिथेच सोडायचा.