विमानातल्या कर्मचाऱ्याचं कौतुक तिच्यापर्यंतच पोहोचेल असा फीडबॅक कसा लिहावा

‘स्टाफ खूप छान होता’ असं लिहून पाठवलेलं कौतुक कुणाचंच होत नाही. १८० आसनांच्या विमानात निदान चार केबिन क्रू असतात. त्यांतल्या नेमक्या कुणाबद्दल लिहिलंय, हे शोधत बसायला फॉर्म वाचणाऱ्याकडे वेळ नसतो.

नाव विमानातच विचारून घ्या. बिल्ल्यावर बहुतेक वेळा फक्त पहिलं नाव असतं, म्हणून स्पेलिंगही विचारा आणि लगेच मोबाइलमध्ये टिपा. बोर्डिंग पास फेकू नका.

घरी आल्यावर कंपनीच्या वेबसाइटवरचा फॉर्म उघडा. प्रकार निवडायच्या यादीत `Compliment` किंवा `Appreciation` असेल तर तोच निवडा. PNR, विमानाचा क्रमांक, तारीख आणि सीट नंबर भरा. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाची तारीख हमखास चुकते. आपण घरून निघालो ती नव्हे, बोर्डिंग पासवर छापलेली तारीख लिहायची. त्या दिवशी त्या विमानावर कोण होतं, हे ड्युटीच्या यादीत त्यावरूनच शोधतात.

आता मजकूर. मी इथेच दोनदा चुकले.

पहिल्यांदा आईला घेऊन नागपूरला गेले होते. एका क्रू मेंबरने तिला फार जपलं, पण उतरल्यावर बॅगेचं चाक तुटलेलं निघालं. मी दोन्ही गोष्टी एकाच फॉर्ममध्ये लिहिल्या. उत्तर आलं ते बॅगेबद्दलच्या दिलगिरीचं, त्या मुलीचा त्यात उल्लेखही नव्हता. तक्रारीचा एक शब्द आला की अख्खा फॉर्म तक्रारीच्या खात्यात जातो आणि तिथल्या माणसाला फक्त ती तक्रार मिटवायची असते. त्यामुळे तक्रार असलीच तर तिचा फॉर्म वेगळा भरा. ‘जेवण थंड होतं, पण ही मुलगी गोड होती’ असंही नको.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. चेक-इन काउंटरवरच्या एका मुलाने माझ्या बॅगेतल्या जादा तीन किलोंचे पैसे घेतले नाहीत. मी भारावून तेच कौतुकाने लिहिलं. विमानतळावर काम करणाऱ्या ओळखीच्या एका बाईंनी नंतर मला चांगलंच सुनावलं: ‘अहो, तुम्ही त्याने कंपनीचे पैसे सोडले असं लेखी दिलंत!’ त्या मुलाला खुलासा द्यावा लागला का, मला कळलं नाही, पण ती रुखरुख अजून आहे. माफ केलेले पैसे, फुकट दिलेली पुढची सीट, जादा जेवण, नियमाला घातलेली मुरड यांतलं काहीही लिहू नका. अशा मदतीचे आभार तिथेच, तोंडी माना. आणि दिसण्याबद्दल तर एक अक्षरही नको.

मग लिहायचं काय? तिने केलेली एक कृती, बघणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसेल अशी. आता तोच नागपूरचा प्रवास मी असा लिहीन: ‘सीट १४ C वर माझी ७८ वर्षांची आई होती. तिला कमी ऐकू येतं. सुरक्षेच्या सूचना तिला कळल्या नाहीत, तेव्हा (नाव) तिच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि पट्ट्याचं बक्कल आईच्याच हातांनी दोनदा लावून-उघडून घेतलं. उतरल्यावर व्हीलचेअर येईपर्यंत त्या तिच्यापाशी थांबल्या. हे त्यांना आणि त्यांच्या वरिष्ठांना कळवावं.’ एवढं पुरे. विशेषणांची गरज नाही. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. आणि हे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. इंडिगो आणि एअर इंडिया, दोघांचीही मुख्य कार्यालयं गुरुग्रामला आहेत.

० ते १० गुण विचारले तर ९ किंवा १० द्या. आपल्याला आठ म्हणजे उत्तम वाटतं, पण या पद्धतीत सात-आठ गुण देणारा ‘ना समाधानी ना नाराज’ धरला जातो.

व्हीलचेअर ढकलणारी माणसं अनेकदा ठेकेदार कंपनीची असतात, त्यामुळे विमान कंपनीच्या यादीत ती सापडत नाहीत. त्यांच्या बिल्ल्यावरचं कंपनीचं नाव, गेट नंबर आणि वेळ लिहा, आणि ‘संबंधित एजन्सीला कळवावे’ अशी विनंती करा.

हॉटेलात खोली आवरणारी व्यक्ती कित्येकदा आपल्याला दिसतच नाही. खोली क्रमांक, तारीख आणि साधारण वेळ दिली की हाउसकीपिंगच्या नोंदीवरून ती सापडते. हे चार ओळींत कागदावर लिहून, निघण्याआधी ड्युटी मॅनेजरच्या हातात द्या.

विमान कंपनीकडून आलेला रेफरन्स नंबर जपून ठेवा. आठवड्याभरात फक्त ठोकळेबाज ‘आभारी आहोत’ आलं, तर त्याच मेलला उत्तर देऊन विचारा: हे त्या क्रू मेंबरच्या बेस मॅनेजरकडे, म्हणजे त्यांच्या वरिष्ठांकडे, पोहोचलं का? मी दरवेळी विचारते, आणि दोनदा त्यानंतरच ‘आता पाठवलं’ असं उत्तर आलं आहे.