टेनिस एल्बो: आधी मूठ तपासा, मग मनगट

हौशी खेळाडूच्या कोपराची बाहेरची बाजू दुखू लागते, तेव्हा मूळ बहुधा एकहाती बॅकहँडमध्ये असते. चेंडू उशिरा आणि वाकलेल्या मनगटाने मारला की मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरेवर ताण येतो. रॅकेटची मूठ बारीक असल्यास रॅकेट हातात फिरू नये म्हणून ती आवळावी लागते, म्हणून रॅकेट धरून बोटांची टोके आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसते का ते पाहावे; न बसल्यास मुठीवर ओव्हरग्रिपच्या पट्टीचा थर चढवावा. फार हलकी, ताठ रॅकेट आणि कडक पॉलिएस्टर तारा टाळाव्यात. व्यायामासाठी तळवा खाली ठेवून हात टेबलावर असा टेकवावा की मनगट कडेबाहेर राहील, 1 किलोचे डंबेल दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्यावे आणि 4 सेकंदांत एकट्या मनगटाने सावकाश खाली सोडावे, असे 15 वेळा. किंचित दुखणे चालते, पण सकाळी चहाचा कप उचलताना कळ वाढली असेल तर वजन निम्मे करावे.