‘हार्ट अटॅकचा धोका निम्म्यावर’ वाचलं की या चुका टाळा

गोळीच्या जाहिरातीत ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ असं दिसलं की बरेचजण धरून चालतात की शंभरातले पन्नास जण वाचले. इथेच गाडी चुकते. ५० टक्के, पण कशाचे, हे आधी बघायचं.

२००८ ची जुपिटर ट्रायल घ्या, रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची. आधी हृदयविकार नसलेली माणसं, दोन गट, प्रत्येकात ८,९०१ जण, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली. बिनऔषधाच्या गटात अटॅक आले ६८ जणांना, औषधाच्या गटात ३१ जणांना. म्हणजे निम्म्याहूनही कमी, दावा खोटा नाहीच. पण तेच आकडे ८,९०१ ने भागा की दिसतं, हजारात साधारण साडेसात होते ते साडेतीन झाले, फरक हजारी चार. म्हणजे एक अटॅक टाळायला सुमारे २४० जणांनी जवळपास दोन वर्षं रोज गोळी घ्यायची, आणि त्यातल्या बहुतेकांना गोळी नसती घेतली तरी त्या काळात अटॅक येणारच नव्हता. हे ‘दोन वर्षं’ जाहिरातीत कुठे नसतं बरं का, आणि काळ न सांगता धोक्याचा आकडा सांगण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गडबड म्हणजे फायदा एका मापाने आणि तोटा दुसऱ्या मापाने मोजणं. याच ट्रायलमध्ये नव्याने डायबेटिस निघाला बिनऔषधाच्या गटात २१६ जणांना, औषधाच्या गटात २७० जणांना. विकणारा म्हणेल ‘फक्त ०.६ टक्के जास्त’, घाबरवणारा म्हणेल ‘२५ टक्के वाढ’, आणि दोघंही बरोबर! म्हणून दोन्ही बाजू हजारी मांडायच्या, अटॅक चार कमी, डायबेटिस सहा जास्त. आता लगेच चार विरुद्ध सहा अशी वजाबाकी करू नका, अटॅक आणि डायबेटिस एका वजनाचे नाहीत, शिवाय स्ट्रोकही कमी झाले होते.

उलटी चूकही लोक करतात, ‘हजारी चारच ना, मग बंद करतो गोळी’. अहो, ते आकडे हृदयविकार नसलेल्यांचे. ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट पडलाय त्याचा मुळातला धोकाच मोठा, समजा काही वर्षांत शंभरात २०, तर निम्मा म्हणजे शंभरात दहाजण वाचले. तीच गोळी, तेच ५० टक्के, पण फायदा कितीतरी जास्त. म्हणून डॉक्टरांना विचारायचं, ‘माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या बीपी-शुगरच्या शंभर जणांत पुढच्या दहा वर्षांत किती जणांना अटॅक येईल, आणि गोळी घेतली तर किती जणांना?’

जाहिरातीत हे शोधायचं तर तारांकित बारीक अक्षरं बघा. अमेरिकेत लिपिटॉर या कोलेस्टेरॉलच्याच गोळीच्या जाहिरातीत ‘अटॅकचा धोका ३६ टक्के कमी’ असं ठळक होतं आणि खाली बारीक अक्षरात, अटॅक आला तो बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत ३ टक्के, औषध घेणाऱ्यांत २ टक्के जणांना.