गोटे झालेला डबा खरा, भुसभुशीत डबा खोटा: ऑनलाइन प्रोटीन पावडर घेताना या चुका टाळा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं मेडिकल स्टोअर आहे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावातली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावायला लागतात आणि महिन्याभरात कुरिअरवाल्याच्या पिशवीत प्रोटीन पावडरचे डबे दिसू लागतात. डबा मागवताना कोणी मला विचारत नाही, पण बिनसलं की तो माझ्या काउंटरवर येतो.

गेल्या जुलैत दोन डबे एकाच संध्याकाळी आले. पहिला पोरगा म्हणाला, "काका, डुप्लिकेट माल देल्ला मले. सारी पावडर गोटे गोटे झाली, पाहा." त्याच्यासोबत आलेल्या मित्राचा डबा मात्र भुसभुशीत होता, वासही छान होता. तो खुशीत होता, कारण त्याला दोन किलोचा डबा निम्म्या भावात मिळाला होता. तपासल्यावर निघालं ते उलटंच. गोटे झालेला माल अस्सल होता आणि भुसभुशीत माल नकली. दोघांच्या चुका वेगळ्या होत्या, आणि त्याच चुका मी दरवर्षी बघतो.

पावडर बघून खरं-खोटं ठरवणं

पाण्यात पटकन विरघळली म्हणजे खरी, गोटे झाले म्हणजे खोटी, चमच्यात जाळून बघितली की कळतं, असे बरेच प्रयोग पोरं करतात. विरघळण्याचा अस्सलपणाशी संबंध नाही. साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली स्वस्त पूड, तर प्रोटीनपेक्षा सहज विरघळतात. आयोडीनचा थेंब टाकला आणि पावडर निळी-काळी झाली, तर त्यात स्टार्च आहे एवढंच कळतं. माल्टोडेक्स्ट्रिनची भेसळ त्यात निळी पडत नाही, म्हणून रंग बदलला नाही तरी माल शुद्ध ठरत नाही. प्रोटीन नेमकं किती आहे हे प्रयोगशाळेतच समजतं. तिथेही फक्त नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीनचा अंदाज काढला, तर ग्लायसीनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळून आकडा फुगवता येतो.

म्हणून घरी तपासायचा तो डबा, आणि तोही सील फोडायच्या आधी.

बॅच नंबर आहे म्हणजे झालं, असं समजणं

मित्राचा मोठा भरवसा यावरच होता. डब्याच्या बुडाशी बॅच नंबर होता, तारखा होत्या, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी परवाना क्रमांक होता आणि क्यूआर स्कॅन केल्यावर हिरवी खूणही आली होती. मी चारही गोष्टी एकेक करून पुन्हा बघितल्या.

आधी तारखा. बुडाशी उत्पादन मार्च २०२५ आणि मुदत फेब्रुवारी २०२७ असं छापलं होतं. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उत्पादनापासून १८ महिन्यांच्या आत वापरणे उत्तम'. मार्च २०२५ पासून १८ महिने मोजले की सप्टेंबर २०२६ येतो. बुडाशी पाच महिने जास्तीचे छापले होते. लेबल आणि शिक्का यांचं गणित जुळत नाही, तेव्हा डबा एकाचा आणि शिक्का दुसऱ्याचा असण्याची शक्यता फार मोठी असते. हे गणित करायला अर्धा मिनिट लागतो, पण ते कोणी करत नाही.

तारीख स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून बघायची पद्धत आहे, ती मात्र फसवी आहे. अस्सल डब्यावरची ठिपक्या-ठिपक्यांची शाईसुद्धा स्पिरिटनं पुसली जाऊ शकते. त्यापेक्षा डबा उजेडात तिरपा धरा. आकड्यांखाली जुन्या आकड्यांची सावली दिसते का, तेवढ्याच जागेवरची चकाकी गेली आहे का, हे बघा. परदेशी मालावर अजून एक खाचखळगा असतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिथल्या डब्यावर ०८/११/२०२६ असेल तर ती ११ ऑगस्ट असू शकते, आपण मात्र ८ नोव्हेंबर समजून बसतो. अशा डब्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असलाच पाहिजे. नसेल तर पुढचं काही तपासत बसू नका.

मग परवाना. foscos.fssai.gov.in या साइटवर FBO Search मध्ये तो चौदा आकडी क्रमांक टाकला. नाव, पत्ता बरोबर निघाला. इथेच पोरं थांबतात. पण यातून कंपनी खरी आहे एवढंच सिद्ध होतं. हा डबा त्याच कंपनीचा आहे का, ते यातून कळत नाही, कारण क्रमांक कोणीही छापू शकतो. शोधात भलतंच नाव आलं किंवा परवाना संपलेला दिसला तरच या तपासणीचा ठोस उपयोग होतो.

हिरव्या खुणेचं गुपित मोबाइलच्या वरच्या पट्टीत होतं. क्यूआरनं जी साइट उघडली, तिच्या नावात एक अक्षर जास्त होतं. नकली डब्यावरचा क्यूआर नकली साइटवर नेणार आणि ती साइट प्रत्येकाला 'अस्सल' म्हणणार. कंपनीच्या साइटचा पत्ता आपल्या हातानं टाइप करा आणि डब्यावरची पट्टी खरवडून निघालेला कोड तिथे भरा. मित्राचा कोड तिथे ओळखलाच गेला नाही. कधी कधी 'हा कोड आधी तपासला गेला आहे' असंही उत्तर येतं. तुम्ही पहिल्यांदाच खरवडला असेल, तर त्या उत्तराचा अर्थ सरळ आहे.

शेवटी बॅच नंबर. डब्याच्या बुडाचा, सीलचा आणि लेबलचा स्वच्छ फोटो काढून मी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. चव, वजन आणि बॅच लिहून एकच प्रश्न विचारला: हा बॅच याच मालाचा आहे का? चार दिवसांनी उत्तर आलं. बॅच त्यांचाच होता, पण एक किलोच्या चॉकलेट डब्याचा. आमच्या पोराकडे होता दोन किलोचा व्हॅनिला. बनावट करणारे बॅच नंबर मनानं रचत नाहीत, खऱ्या डब्यावरून उतरवून घेतात. म्हणून नुसतं 'हा बॅच तुमचा आहे का' असं विचारलं तर 'हो' येतं. चव आणि वजन सांगूनच विचारा.

डबा आधी फोडणं, तक्रार नंतर करणं

विक्रेत्यानं 'सील फोडलेला माल परत घेत नाही' असं सांगून हात झटकले. पार्सल उघडताना व्हिडिओ काढलेला नव्हता. बिलावर विक्रेत्याचा एफएसएसएआय क्रमांकही नव्हता. अन्नपदार्थाच्या बिलावर तो १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. कंपनीचा ईमेल हाती होता म्हणून बरं. तो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, तेव्हा कुठे तीन आठवड्यांनी पैसे परत आले.

पार्सल कापण्याआधी मोबाइल सुरू करा. पत्त्याची चिठ्ठी, बंद खोका, डब्याचं बूड आणि झाकणाखालचं सील, हे सगळं एकाच सलग व्हिडिओत येऊ द्या. सील उचकटलेलं असेल आणि विक्रेता 'उन्हानं सुटलं' म्हणाला तर मानू नका. ते सील तापवून चिकटवलेलं असतं, आपल्याकडच्या ४६ अंशांत ते सुटत नाही. तापलेल्या डब्यात हवा फुगून सील जरा वर आलेलं दिसू शकतं. डबा गार झाला की ते बसतं.

मुदत किती उरली तेही त्याच वेळी बघा. डिलिव्हरीच्या वेळी मालाची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक हवी, असं एफएसएसएआयनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना बजावलं आहे. १८ महिन्यांच्या मालाची ३० टक्के मुदत म्हणजे साधारण साडेपाच महिने.

कूलरच्या खोलीत डबा ठेवणं

आता पहिला पोरगा. त्याच्या डब्यावरच्या तारखा जुळल्या, कोड पहिल्याच वेळी बरोबर निघाला. मग मी त्याला विचारलं, डबा ठेवतोस कुठे?

"कूलरच्या खोलीत. थंडी राह्यते न तिथं."

चूक तिथेच होती. आपला कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून. मे महिन्यात हवा कोरडी असते तोवर निभतं, पण पाऊस लागल्यावरही कूलर चालू राहिला की खोली दमट होते. डबा कपाटावर, टिनाच्या पत्र्याखाली, म्हणजे वरून भट्टी आणि समोरून ओल. शिवाय शेकर धुऊन तोच ओला चमचा तो डब्यात घालत होता, आणि ओल शोषणारी सिलिकाची पुडी त्यानं पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकली होती.

बोटांत चुरला की फुटतो तो गोटा फारसा काळजीचा नसतो, वास आणि रंग पहिल्यासारखा असेल तर पावडर चालते. पण गोटा दगडासारखा असेल, पावडर पिवळट-तपकिरी पडली असेल किंवा कुबट वास येत असेल तर फेकून द्या. उन्हात वाळवून ती सुधारत नाही. या पोराच्या डब्याला कुबट वास येत होता. खरा माल, पूर्ण मुदत बाकी, आणि तरी फेकावा लागला. डब्यावरची मुदत कोरड्या, थंड जागेत ठेवलेल्या बंद डब्यासाठी असते, हे त्याला त्या दिवशी पटलं.

फ्रिजही उपाय नाही. गार डबा बाहेर काढून उघडला की बाहेरची दमट हवा आत शिरून पावडरवर पाणी धरते, आणि लाइट गेली की हा खेळ दिवसातून चारदा होतो. ज्या मालावर '२ ते ८ अंशांत ठेवा' असं लिहिलं आहे, जसे काही प्रोबायोटिक, तो साध्या कुरिअरनं मागवूच नका. दारव्ह्याहून गावात येईपर्यंतच त्याचं काम झालेलं असतं.

त्या पोराला मी सांगितलं ते असं. डबा मधल्या खोलीत, ज्या भिंतीवर दुपारचं ऊन येत नाही त्या भिंतीच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेव. चुलीपासून आणि कूलरपासून दूर. दहा-पंधरा दिवसांची पावडर घट्ट झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात काढ, म्हणजे मोठा डबा रोज उघडणार नाही. सिलिकाची पुडी मोठ्या डब्यातच राहू दे. पावसाळ्यात दोन किलोऐवजी एक किलोच घे. आणि धान्याच्या कोठीजवळ अजिबात ठेवू नको. तिथे धान्यातल्या किडीसाठी सल्फासच्या गोळ्या टाकतात, त्यांचा वायू जीवघेणा असतो. फवारणीच्या औषधांच्या खोलीलाही तोच नियम.

मे महिन्यात मागवायचं झालंच, तर पार्सल कुरिअरच्या टिनाच्या गोदामात पडून राहू देऊ नका. मेसेज आला की सकाळीच जाऊन घेऊन या, आणि येताना गाडीच्या डिक्कीत ठेवून दुपारभर बाजार करत बसू नका.

रिकामा झालेला अस्सल डबा भंगारवाल्याला तसाच देऊ नका. त्यातच नकली माल भरला जातो. लेबल फाडा, बुडाचा बॅच नंबर खिळ्यानं खरवडा, झाकणाला भोक पाडा आणि मगच द्या.