सॅम्पल म्हणजे दात की पेशंट? पीजी थिसिसचा आकडा काढताना या चुका टाळा

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती केसेस घेऊ?’ सीनियरने ३० घेतल्या होत्या, म्हणून आपणही ३० लिहायच्या, हे उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महागात पडणारं. आकडा चुकीच्या जागेवरून आला की पुढची दोन वर्षं त्याच चुकीवर उभी राहतात. खाली पेरिओचं एकच उदाहरण घेतलं आहे, पण कन्झर्व्हेटिव्ह आणि प्रोस्थोच्या पीजींनाही हेच अडतं, कारण तिथेही एकाच तोंडातले अनेक दात अभ्यासात येतात.

समजा नवी मुंबईतल्या एका कॉलेजात अभ्यास असा ठरला: एका गटाला फक्त स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग, दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला पॉकेटमध्ये टाकायचं जेल. तीन महिन्यांनी प्रोबिंग डेप्थ कितीने कमी झाली, ते दोन्ही गटांत मोजायचं.

आधी फरक ठरवा, मग आकडा

‘जेलचा परिणाम पाहणे’ एवढ्या उद्दिष्टावरून सॅम्पल साइझ निघत नाही. किती मिलिमीटरचा जादा फायदा दिसला तर तुम्ही जेल वापरायला लागाल, हे गाईडबरोबर बसून ठरवा. इथे ०.५ मिमी धरू. दुसरी गोष्ट म्हणजे डेप्थमध्ये झालेल्या बदलाची एसडी, जी तशाच पेशंटवर झालेल्या आधीच्या अभ्यासातून घ्यायची. ती ०.८ मिमी धरू. पाच टक्के अल्फा आणि ८० टक्के पॉवर धरली तर सूत्र असं:

```
n = 2 × (1.96 + 0.84)² × SD² / d²
  = 2 × 7.84 × 0.64 / 0.25
  = 40.1
```

म्हणजे प्रत्येक गटात ४१. G*Power एखाद-दोनने जास्त दाखवतं, कारण ते टी-वितरण धरून हिशेब करतं. त्यात चूक काही नाही.

घोटाळा होतो तो एसडी उचलताना. पेपरच्या तक्त्यात ‘१.४ ± ०.१५’ असं दिसतं आणि ०.१५ हीच एसडी समजून सूत्रात जाते. तक्त्याखालची बारीक टीप वाचा. तिथे स्टँडर्ड एरर लिहिलं असेल आणि त्या गटात ३० जण असतील, तर खरी एसडी ०.१५ गुणिले ३० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.८२ येते. ०.१५ तसंच ठेवलं तर सूत्र गटामागे दोनच पेशंट पुरे म्हणून सांगतं. उत्तर असं हास्यास्पद लहान आलं की आधी एसडीवरच संशय घ्या. तसंच सुरुवातीच्या डेप्थची एसडी आणि बदलाची एसडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला बदलाची हवी.

चार पॉकेट म्हणजे चार पेशंट नव्हेत

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची चूक ही. गटात ४१ हवेत, प्रत्येकाच्या तोंडात चार साइट मिळतात, म्हणून ११ पेशंट घेतले आणि ४४ साइट झाल्या, असा हिशेब लावला जातो. तो टिकत नाही. पेशंट तंबाखू खात असेल, त्याची साखर वाढलेली असेल, तो ब्रश नीट करत नसेल, तर त्याचे चारही पॉकेट एकत्रच रेंगाळतात. चौथ्या साइटने दिलेली बरीचशी माहिती पहिल्या तीन साइटनी आधीच दिलेली असते.

हे साम्य इंट्राक्लास कोरिलेशनने मोजतात. ते ०.३ धरलं तर डिझाइन इफेक्ट (DE), म्हणजे आकडा किती पटीने वाढवायचा, तो असा:

```
DE = 1 + (4 − 1) × 0.3 = 1.9
41 × 1.9 = 77.9
```

गटात ७८ साइट, म्हणजे प्रत्येकी चार साइट असलेले २० पेशंट. ११ आणि २० यांतलं अंतर म्हणजेच थिसिस टिकणार की नाही यातलं अंतर. हा गुणाकार मात्र ०.८ ही एसडी एकेका साइटची असेल तरच करायचा. पेपरमध्ये प्रत्येक पेशंटची सरासरी काढून त्यावर एसडी दिली असेल, तर तुम्हीही पेशंटची सरासरीच वापरायची आणि सूत्रातून येणारा आकडा थेट पेशंटचा धरायचा. म्हणून एसडीचा आकडा लिहून घेताना ती साइटची की पेशंटची, हे शेजारीच नोंदवून ठेवा.

दोन गटांऐवजी एकाच तोंडाच्या दोन बाजू घेतल्या तर पेशंट कमी लागतात, म्हणून स्प्लिट-माउथचा मोह होतो. पण जेल लाळेतून दुसऱ्या बाजूला जाऊ शकतं, आणि माउथवॉशचा अभ्यास तर अशा पद्धतीने करताच येत नाही. स्प्लिट-माउथ घेतलंच, तर टेस्ट पेअर्ड हवी आणि सूत्रात एसडी दोन बाजूंमधल्या फरकाची हवी.

गळतीचा भागाकार

उरण, पनवेल, दिव्याहून येणारा पेशंट दुखणं थांबलं की तीन महिन्यांनी फक्त मोजमापासाठी परत येईलच असं नाही. फॉलोअप गणपतीत किंवा मे महिन्यात पडला तर तो गावी गेलेला असतो. वीस टक्के गळती धरली की बरेच जण २० गुणिले १.२ करून २४ लिहितात. पण २४ मधले वीस टक्के गेले की १९ उरतात. भागाकार करा: २० भागिले ०.८, म्हणजे गटात २५, एकूण ५०.

टेस्ट लावताना

दोन्ही गटांत आधी आणि नंतरची पेअर्ड टी-टेस्ट लावायची, एकात पी-व्हॅल्यू ०.०१ आणि दुसऱ्यात ०.०६ आली की ‘जेल सरस’ असा निष्कर्ष काढायचा, ही चूक फार रुजलेली आहे. नुसत्या स्केलिंगनेही डेप्थ कमी होतेच. प्रश्न दोन गटांतल्या बदलांमधल्या फरकाचा आहे, म्हणून तुलनाही त्याचीच करायची.

त्यासाठी एक्सेलमध्ये दर साइटची एक ओळ ठेवा आणि पेशंट क्रमांकाचा स्वतंत्र कॉलम ठेवा. सगळे शेवटपर्यंत आले तर २०० ओळी होतील. पिव्होट टेबलने प्रत्येक पेशंटच्या चार साइटमधल्या बदलाची सरासरी काढली की ५० ओळी उरतात. त्यांच्यावर अनपेअर्ड टी-टेस्ट लावा. बरोबर झालं की नाही हे निकालातल्या df वरून कळतं. तिथे ४८ दिसायला हवं. १९८ दिसलं तर साइट पेशंट म्हणून मोजल्या गेल्या आहेत, आणि पी-व्हॅल्यू कितीही सुंदर असली तरी ती खोटी लहान आहे. परीक्षक पहिली नजर तिथेच टाकतात.

यूएनसी-१५ प्रोबवर खुणा एकेक मिलिमीटरच्या असतात. ०.५ मिमीचा फरक सरासरीत दिसतो, एका रीडिंगमध्ये नाही. म्हणून सुरुवातीआधी अभ्यासाबाहेरचे दहाएक पेशंट दोनदा मोजा. दोन रीडिंगमध्ये वारंवार २ मिमीचा फरक येत असेल तर प्रोबचा दाब आणि कोन आधी सुधारा, नाहीतर एसडी फुगेल आणि वरचा सगळा हिशेब मोडेल.

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आली की सीटीआरआय नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी पूर्ण करा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारत नाहीत.

आणि सिनॉप्सिस देण्याआधी दोन आठवडे ओपीडीत बसून तुमच्या निकषांत बसणारे, येऊन जायला तयार असणारे पेशंट मोजा. आठवड्याला दोन मिळत असतील तर ५० जणांना २५ आठवडे आणि वर तीन महिने फॉलोअप. एकच मिळत असेल तर जवळपास वर्ष फक्त भरतीत जाईल. अशा वेळी आकड्याला कात्री लावू नका. निकष थोडे सैल करता येतात का, किंवा रोज दिसणाऱ्या पेशंटवरचा दुसरा प्रश्न घ्यावा का, हे गाईडशी त्याच आठवड्यात बोला.