रशियन भाषांतरातला ‘उजवा डोळा’

भाचा कझानला एमबीबीएस करतोय. सुट्टीत नाशिकला आला आणि टायफॉइडने झोपला, तीन आठवडे बुडाले. परतल्यावर डीनच्या कार्यालयाने सर्टिफिकेट आणि प्रिस्क्रिप्शनचं नोटरी केलेलं रशियन भाषांतर मागितलं. त्याने तिथल्याच भाषांतरकाराकडून करून घेतलं, आणि ते परत आलं.

मी त्याला म्हटलं, ओळ न् ओळ वाचून दाखव. गोळीपुढे डॉक्टरांनी ‘ओ.डी.’ लिहिलं होतं, म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा. भाषांतरात होतं ‘उजवा डोळा’! डोळ्यांच्या कागदांवर ओ.डी.चा अर्थ तोच असतो, त्यामुळे बिचाऱ्याचं फार चुकलं असंही नाही. ‘एंटेरिक फीवर’ म्हणजे टायफॉइड, तिथे ‘आतड्याचा संसर्ग’ झालं होतं. शिवाय आडनाव वाघ. व्हिसावर रशियन लिपीत ‘वाग्ह’, भाषांतरात ‘वाग’.

नोटरी भाषांतरकाराची सही खरी आहे एवढंच सांगतो, मजकूर तपासत नाही. कागद दोऱ्याने शिवून शिक्का मारलेले, त्यामुळे एक पान बदलता येईना. सगळं पुन्हा.

या वेळी आधी नाशिकच्या डॉक्टरांकडून नवं पत्र टाइप करून घेतलं: संक्षेप नाहीत, ‘टायफॉइड’ स्पष्ट, ब्रँडऐवजी ‘अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ७ दिवस’. भाच्याने व्हिसाची झेरॉक्स सोबत दिली आणि शिवण्याआधी मसुदा मागून वाचला. दुसऱ्यांदा कागद स्वीकारले गेले.

औषध मात्र त्यावर तिथे मिळत नाही, त्यासाठी तिथल्याच डॉक्टरांची चिठ्ठी लागते.